जाड सिलिंडरचं ऑटोफ्रेटेज: ४०० मेगापास्कलचा दाब पेलण्यासाठी

वॉटरजेट मशीन पाण्याच्या धारेनं स्टील कापतं, तेव्हा त्या पाण्याचा दाब साधारण ४,००० बार, म्हणजे ४०० मेगापास्कल असतो. हा दाब इंटेन्सिफायर नावाच्या पंपातल्या एका जाड सिलिंडरमध्ये तयार होतो आणि प्रत्येक स्ट्रोकला शून्यावरून चढून पुन्हा उतरतो. असा सिलिंडर नुसता टर्न करून, बोअर करून, होन करून बसवला तर टिकत नाही. त्याला आधी एकदा मुद्दाम कामाच्या दाबाच्या वर नेऊन आतून यील्ड करतात, म्हणजे आतलं धातू कायमचं ताणतात, आणि मग दाब सोडतात. यालाच ऑटोफ्रेटेज म्हणतात. ते का चालतं, किती दाब द्यायचा आणि ते झालं की नाही हे कसं ओळखायचं, हे एकच सिलिंडर घेऊन पाहू.

आधी एक इशारा. या दाबांना सील किंवा फिटिंग सुटलं तर ते गोळीसारखं उडतं आणि सुईएवढी धारसुद्धा हातातून आरपार जाते. हिशेब कुणीही शिकावा. प्रत्यक्ष काम मात्र बंद बंकरमध्ये, दुरून चालवायच्या पंपावर, अनुभवी माणसांच्या देखरेखीखालीच होतं.

पायरी १: जाडी वाढवून का भागत नाही

आपला सिलिंडर असा धरू: बोअरची त्रिज्या a = १० मिमी, बाहेरची त्रिज्या b = २० मिमी, स्टील ईएन २४ जातीचं, हार्डन-टेम्पर करून यील्ड ९०० मेगापास्कल. हा यील्डचा आकडा पुस्तकातून उचलू नका. त्याच हीटच्या, त्याच भट्टीतून निघालेल्या तुकड्याची टेन्साइल टेस्ट करून घ्या, कारण पुढे यील्डचा प्रत्येक दाब याच एका संख्येनं गुणून येतो.

आतून दाब दिला की भिंतीवरचा भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही. परिघाच्या दिशेचा ताण, म्हणजे हूप स्ट्रेस, बोअरवर सर्वात जास्त असतो आणि बाहेर जाताना झपाट्यानं उतरतो. लामेच्या सूत्रानुसार ४०० मेगापास्कलला आपल्या बोअरवर ६६७ मेगापास्कल ताण येतो, तर बाहेरच्या पृष्ठभागावर फक्त २६७. शिवाय बोअरवर पाण्याचा स्वतःचा ४०० चा दाब त्रिज्येच्या दिशेनं असतोच. ट्रेस्काच्या निकषात या दोन्हींतला फरक यील्डशी ताडतात. ६६७ आणि उणे ४०० यांतला फरक १,०६७ होतो, म्हणजे ९०० च्या बराच वर. आतलं धातू यील्ड झालेलं असेल आणि बाहेरचं मात्र निम्मंसुद्धा वापरलं गेलेलं नसेल.

सूत्रं एवढीच लागतात, त्यांत σy म्हणजे स्टीलचं यील्ड:

```
p_y = σy (b² − a²) / (2 b²)
p_c = σy ln(b/a)
p   = σy [ ln(c/a) + (b² − c²) / (2 b²) ]
```

`p_y` म्हणजे ज्या दाबाला बोअर यील्ड व्हायला लागतो तो दाब. आपल्या सिलिंडरसाठी तो ३३७.५ मेगापास्कल. `p_c` म्हणजे संपूर्ण भिंत यील्ड होते तो दाब, ६२४ मेगापास्कल. तिसऱ्या सूत्रातला c म्हणजे दाब p असताना यील्ड बोअरपासून ज्या त्रिज्येपर्यंत पोचलेलं असतं ती त्रिज्या.

आता जाडी वाढवून बघा. b = ३० मिमी केलं, म्हणजे भिंत दुप्पट जाड केली, तर `p_y` जेमतेम ४०० होतो. म्हणजे कामाच्या दाबालाच यील्ड, राखीव काहीच नाही. भिंत कितीही जाड केली तरी हा आकडा यील्डच्या निम्म्यापलीकडे, म्हणजे ४५० च्या वर, जाणारच नाही. बाहेर लावलेलं धातू आतल्या धातूचा भार हलका करू शकत नाही, म्हणून वाट वेगळी शोधावी लागते.

पायरी २: आतला थर आधीच दाबून ठेवणं

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती थंड होताना लाकूड आवळून धरते. जुन्या तोफांच्या नळ्यांवरही अशीच तापवलेली कडी चढवत. आतली नळी कायमची दाबलेली राहायची, त्यामुळे गोळा उडताना येणाऱ्या ताणाला आधी ते दाबलेपण संपवावं लागायचं. ऑटोफ्रेटेजमध्ये वेगळी कडी लागत नाहीत. एकाच नळीचा बाहेरचा भाग आतल्या भागाचं कडं होतो. फ्रेंच तोफखान्यातल्या जेकबनं ही कल्पना १९०७ च्या सुमारास मांडली आणि आजही तोफांच्या नळ्या अशाच बनतात.

हे घडतं ते असं. दाब ३३७ च्या वर नेला की बोअरलगतचं धातू कायमचं ताणलं जातं. बाहेरचं धातू मात्र अजून लवचीक असतं, स्प्रिंगसारखं नुसतं ताणलेलं. दाब सोडला की बाहेरचं धातू मूळ मापाला परत येऊ पाहतं, पण मध्ये तो आतला, आता थोडा मोठा झालेला थर आडवा येतो. बाहेरचा भाग त्याला आवळतो. आत कॉम्प्रेशन शिल्लक राहतं आणि बाहेर थोडा ताण.

किती खोलवर यील्ड करायचं हा निर्णय तुमचा. मी इथं c = १४ मिमी घेतोय, म्हणजे १० मिमी भिंतीपैकी ४ मिमी, ज्याला ४० टक्के ओव्हरस्ट्रेन म्हणतात. तिसऱ्या सूत्रात घातलं तर ln १.४ चे ०.३३६ आणि दुसऱ्या पदाचे ०.२५५, मिळून ०.५९१. त्याला ९०० नं गुणलं की ऑटोफ्रेटेजचा दाब ५३२ मेगापास्कल.

दाब पूर्ण असताना बोअरवर हूप स्ट्रेस ९०० उणे ५३२, म्हणजे ३६८ एवढाच असतो, कारण यील्ड झालेलं धातू त्याहून जास्त घेऊच शकत नाही. दाब सोडताना सिलिंडर लवचीकपणे वागतो आणि लामेच्या हिशेबानं ५३२ × ५/३ = ८८७ वजा होतात. शिल्लक राहतात उणे ५१९ मेगापास्कल.

```
σθ_res = (σy − p) − p (b² + a²) / (b² − a²)
       = 368 − 887 = −519 MPa
```

आता सिलिंडर कामाला लावा. ४०० मेगापास्कलला बोअरवर येणारे ६६७ या उणे ५१९ मध्ये मिळवा, उरतात फक्त १४८ च्या आसपास. त्रिज्येच्या दिशेचे उणे ४०० धरून फरक सुमारे ५४८ होतो. ज्या जागी १,०६७ होते तिथे आता ५४८, आणि यील्ड आहे ९००.

सर्वात जास्त भाराची जागा मात्र सरकलेली असते. ती आता बोअरवर नसून १४ मिमी त्रिज्येवर, यील्ड झालेल्या आणि न झालेल्या धातूच्या सीमेवर असते. तिथे ऑटोफ्रेटेजनंतर सुमारे १३१ चा हूप ताण आणि ४५ चं त्रिज्येच्या दिशेचं कॉम्प्रेशन शिल्लक असतं. कामाच्या दाबाला या दोन्हींची भर पडून फरक ७२० होतो. सिलिंडरची खरी राखीव ताकद इथे मोजायची: ९०० भागिले ७२०, म्हणजे सव्वापट. नवखे लोक बोअरचा आकडा पाहून खूश होतात आणि ही जागा तपासायची राहते.

यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही

आधी ३३७ ला बोअर यील्ड व्हायचा. आता ५३२ पर्यंत सिलिंडर पूर्ण लवचीक वागेल. पण भिंत आरपार यील्ड होण्याचा दाब आधीही ६२४ होता आणि नंतरही तोच. ऑटोफ्रेटेजनं नळी फुटण्याचा दाब वाढत नाही, कारण शिल्लक स्ट्रेस भिंतीच्या एकूण ताकदीत काही भर घालत नाहीत, फक्त भार वेगळा वाटतात. म्हणून फुटण्याविरुद्धचा सेफ्टी फॅक्टर नेहमी `p_c` वरूनच काढायचा.

दुसरा फायदा थकव्याचा, आणि इंटेन्सिफायरसाठी मला तोच जास्त मोलाचा वाटतो. दर स्ट्रोकला बोअरवरचा ताण ६६७ नं वरखाली होतो, त्यात बदल नाही. पण आधी तो ० ते ६६७ असा फिरायचा, आता उणे ५१९ ते अधिक १४८ असा फिरतो. भेग वाढायला ती उघडावी लागते. स्ट्रोकचा बराचसा भाग भेगेचे ओठ एकमेकांवर दाबलेलेच राहत असतील तर तिची वाढ फार मंदावते.

पायरी ३: तयारी

बोअर आधी बारीक होन करा आणि मॅग्नेटिक पार्टिकल किंवा डाय पेनेट्रंटनं तपासा. त्यात आधीच भेग असेल तर ५३२ मेगापास्कल तिला उघडतीलच. आडवी भोकं असतील तर ती ऑटोफ्रेटेजच्या आधी पाडून, कडा गोलावून घ्या. भोकाच्या तोंडाशी ताण कित्येक पट वाढतो, आणि भोक आधीपासून असेल तर त्या तोंडालाही कॉम्प्रेशन मिळतं. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये हेच करतात.

बोअरमध्ये १८ मिमीचा भरीव स्टीलचा दांडा ठेवा. त्यामुळे द्रवाची जागा मूळच्या पाचव्या भागापेक्षाही थोडी कमी उरते. द्रव कमी म्हणजे दाबून साठलेली ऊर्जा कमी, आणि सील फुटलंच तर स्फोट लहान. साधं हायड्रॉलिक तेल या दाबाला इतकं घट्ट होतं की गेजवरचा दाब आणि बोअरमधला दाब एक राहतीलच असं नाही, म्हणून पाणी-ग्लायकॉलसारखा पातळ राहणारा द्रव निवडा.

बाहेरच्या पृष्ठभागावर, मध्यभागी, परिघाच्या दिशेनं निदान दोन स्ट्रेन गेज समोरासमोर चिकटवा. टोकांजवळ लावू नका. सीलच्या आसपास दाब पूर्ण पोचत नाही आणि तिथलं वाचन फसवतं.

पायरी ४: दाब चढवणं आणि आलेख वाचणं

आडव्या अक्षावर स्ट्रेन आणि उभ्या अक्षावर दाब असा आलेख ठेवून टप्प्याटप्प्यानं चढा. सिलिंडरची टोकं पंपाच्या फ्रेमनं धरलेली आहेत आणि नळीवर लांबीच्या दिशेनं ओढ नाही असं धरलं, तर लवचीक भागात दर १०० मेगापास्कलला सुमारे ३२५ मायक्रोस्ट्रेन वाढायला हवा. ३०० ला ९७५ च्या जवळपास वाचन आलं तर गेज, दाब मोजणारं यंत्र आणि तुमचं गणित तिन्ही जुळताहेत. इथेच जुळत नसेल तर थांबा आणि खाली या. दाबाचा आकडा चुकलेला असताना वर जाण्यात काही अर्थ नाही.

रेषा ३३७ नंतर आडवी झुकू लागेल, पण पटकन नाही. सुरुवातीला यील्ड झालेला थर कागदासारखा पातळ असतो आणि बाहेरच्या गेजला त्याची चाहूल लागत नाही. शिवाय खरं स्टील बहुधा ट्रेस्कापेक्षा फॉन मिझेसच्या निकषाच्या जास्त जवळ वागतं. त्या हिशेबानं यील्ड ३९० ला सुरू होतं. म्हणून चढण्याआधीच आलेखावर दोन्ही निकषांच्या रेषा काढून ठेवा. ५३२ ला त्या अशा असतील: सगळं लवचीक राहिलं असतं तर सुमारे १,७३० मायक्रोस्ट्रेन, मिझेसप्रमाणे १,८८५, ट्रेस्काप्रमाणे २,१५०.

समजा ५३२ ला वाचन १,९०० आलं. याचा अर्थ यील्ड १४ मिमीपर्यंत गेलेलं नाही, १२ च्या थोडं पुढेच थांबलंय. दाब ठरल्याप्रमाणे दिला, सही केली आणि सिलिंडर पाठवून दिला, तर कागदावर ५१९ चं कॉम्प्रेशन असेल आणि धातूत त्याहून कमी. १४ मिमी हवंच असेल तर मिझेसप्रमाणे दाब ६१५ पर्यंत न्यावा लागतो. तेवढं वर जायचं की कमी खोली धरून हिशेब पुन्हा मांडायचा, हे आधी ठरवून ठेवा, पंप चालू असताना नाही. ठरलेल्या दाबाला पोचल्यावर काही मिनिटं धरून ठेवा. वाचन हळूहळू सरकत असतं, ते स्थिर झालं की मगच सोडा.

दाब सावकाश उतरवा. परतीची रेषा सरळ आणि चढतीच्या सुरुवातीच्या रेषेला समांतर यायला हवी. शून्यावर काही स्ट्रेन शिल्लक राहतो. ट्रेस्काच्या रेषेवर चाललात तर सुमारे ४२०, म्हणजे ४० मिमी बाहेरच्या व्यासावर जेमतेम १७ मायक्रॉनची वाढ. बोअरचा व्यास दोन-तीन शतांश मिलीमीटरनं वाढलेला दिसेल. आधी आणि नंतर, त्याच तापमानाला, त्याच जागी मापं घेतलीत तरच हे दिसतं.

मग लगेच दुसऱ्यांदा दाब द्या. या वेळी रेषा जवळजवळ वरच्या टोकापर्यंत सरळ जायला हवी. ३४०-३९० च्या आसपास पुन्हा वाकली तर काहीतरी बिनसलंय.

उणे ५१९ वर किती विश्वास ठेवायचा

ताणून यील्ड केलेलं स्टील उलट दिशेनं दाबलं की ते लवकर यील्ड होतं. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात आणि हार्डन-टेम्पर स्टीलमध्ये तो चांगलाच जाणवतो. आपल्या बोअरला सुमारे ०.४ टक्के कायमचा ताण बसलाय. एवढ्यानं कॉम्प्रेशनमधलं यील्ड ९०० वरून ५४० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येऊ शकतं. ते ४५० पर्यंत घसरलं, तर दाब सोडताना बोअर आतल्या बाजूनं पुन्हा यील्ड होतो आणि शिल्लक कॉम्प्रेशन ४५० च्या आसपासच अडतं. उतरत्या रेषेचं शेवटचं टोक किंचित वळलेलं दिसलं तर हेच घडतंय. मी तरी थकव्याच्या हिशेबात ५१९ कधीच धरणार नाही, ४५० धरेन. त्यानंही कामाच्या दाबाला बोअरवर २१७ चाच ताण येतो. एएसएमईच्या सेक्शन ८, डिव्हिजन ३ मध्ये ही घट कशी धरायची याची पद्धत दिलेली आहे. खरा सिलिंडर बनवताना तीच वापरा.

खोली वाढवत नेण्याचा मोह याच कारणानं आवरायला हवा. c वाढवलं की बोअरचा कायमचा ताण वाढतो, बाउशिंगरची घट वाढते, आणि बाहेरच्या पृष्ठभागावरचा शिल्लक ताणही वाढतो. आपल्याकडे तो ८६ आहे. बाहेर आटे, की-वे किंवा खोल खुणा असतील तर भेग तिथून सुरू होते, आणि बोअरकडे डोळे लावून बसलेल्या तपासनिसाला ती उशिरा दिसते.

शंका असेल आणि एक नमुना वाया घालवायची तयारी असेल, तर टोकापासून दूरची एक चकती कापून तिला एका बाजूनं आरपार चीर द्या. आत कॉम्प्रेशन आणि बाहेर ताण असेल तर चीर फाकते. ती किती फाकली यावरून शिल्लक स्ट्रेसचा अंदाज येतो. एक्स-रेनं बोअरच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेस मोजता येतो, पण तो फक्त वरच्या पातळ थराचा असतो.

पायरी ५: नंतर सिलिंडरला काय करू नये

बोअर थोडा मोठा झालेला असतो, म्हणून शेवटचं होनिंग नंतर करतात. त्यासाठी राखलेलं जास्तीचं धातू कमीत कमी ठेवा. आपल्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन बोअरवर उणे ५१९ असलं तरी अर्धा मिमी आत ते उणे ४१० आहे आणि १३ मिमीच्या त्रिज्येजवळ शून्य. त्रिज्येवर अर्धा मिमी काढून टाकला तर सगळा स्ट्रेस थोडा नव्यानं मांडला जातो आणि नव्या बोअरवर सुमारे उणे ४५० उरतात. म्हणजे नुसत्या होनिंगच्या घाईत ७० गेले. काही शतांश मिमी काढायला हरकत नाही, पण ड्रॉइंगवर अर्धा मिमी लिहून आला असेल तर हिशेब काढलेल्या पृष्ठभागासाठी करा, मूळच्या बोअरसाठी नाही.

वेल्डिंग नको. मशीनिंगनंतरचा नेहमीचा सहाशे अंशांचा स्ट्रेस रिलीफ तर मुळीच नको. त्या तापमानाला स्टील स्वतःच शिल्लक स्ट्रेस सोडून देतं आणि केलेलं सगळं काम भट्टीत जातं, बाहेरून काही न दिसता. सिलिंडरच्या कागदावर आणि शक्य असेल तर सिलिंडरच्या टोकावरही ऑटोफ्रेटेज केल्याची नोंद आणि दिलेला दाब कोरून ठेवा, म्हणजे दुरुस्तीला आलेला सिलिंडर कुणी नवीन टूलरूमचा माणूस सवयीनं भट्टीत टाकणार नाही.